अठरा लाखांचा नफा, पाच लाखांची शिल्लक

मे महिन्यात हिशेब पुरे होतात आणि लहान उद्योगांच्या कचेऱ्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. "नफा अठरा लाख दाखवताय, मग बँकेत पाचच लाख कसे?" मालक हे विचारतो तेव्हा त्याला हिशेबनिसाचा संशय आलेला नसतो. गेल्या वर्षी याच दिवशी सोळा लाख शिल्लक होते, वर्षभर कारखाना जोरात चालला, माल खपला, तरी हातातला पैसा घटला. असे का झाले, हे त्याला खरोखरच कळलेले नसते.

याचे उत्तर रोख प्रवाह पत्रकात मिळते. ते करण्याच्या दोन पद्धती आहेत. प्रत्यक्ष पद्धतीत ग्राहकांकडून किती आले, पुरवठादारांना किती दिले, पगारावर किती गेले, अशी खरी आवक-जावक मांडतात. अप्रत्यक्ष पद्धत नफ्यापासून सुरू होते आणि तो नफा रोखीपेक्षा वेगळा का पडला, याची कारणे एकेक करून दाखवते. भारतात सनदी लेखापालांच्या संस्थेचे लेखामानक ३ दोन्ही पद्धती मान्य करते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना मात्र सेबीच्या नियमानुसार अप्रत्यक्ष पद्धतच वापरावी लागते. कंपनी कायदा २०१३ ने एकल व्यक्ती कंपनी, लहान कंपनी आणि निष्क्रिय कंपनी यांना या पत्रकातून सूट दिलेली आहे.

ही पद्धत समजून घ्यायला एक उदाहरण रचू. समजा, सांगलीच्या हळद बाजाराजवळ हळद पावडर करणारी एक खासगी कंपनी आहे. तिचे दोन ताळेबंद शेजारी ठेवू आणि त्यांना तिसरा रकाना जोडू, फरकाचा. सर्व आकडे लाख रुपयांत आहेत.

| बाब | ३१ मार्च २०२४ | ३१ मार्च २०२५ | फरक |
|---|---|---|---|
| भागभांडवल | ५० | ६० | +१० |
| राखीव निधी व शिल्लक नफा | ३८ | ५२ | +१४ |
| बँकेचे मुदत कर्ज | ४५ | ६० | +१५ |
| पुरवठादारांची देणी | २४ | ३२ | +८ |
| खर्चाची देणी | ३ | ४ | +१ |
| प्राप्तिकराची तरतूद | ६ | ७ | +१ |
| एकूण देयता | १६६ | २१५ | +४९ |
| यंत्रे व इमारत, घसारा वजा जाता | ८० | १०४ | +२४ |
| मालाचा साठा | ३० | ४८ | +१८ |
| ग्राहकांकडून येणे | ४० | ५८ | +१८ |
| रोख व बँक शिल्लक | १६ | ५ | −११ |
| एकूण मालमत्ता | १६६ | २१५ | +४९ |

फरकाचा रकाना भरला की अर्धे काम झालेच. ताळेबंदाच्या दोन बाजू नेहमी सारख्या असतात, म्हणून त्यांच्यातली वर्षभराची वाढही सारखीच असते. देयतांच्या बाजूने ४९ लाख जास्त उभे राहिले. रोख सोडून बाकीची मालमत्ता २४, १८ आणि १८ अशी ६० लाखांनी वाढली. उभे राहिले ४९, अडकले ६०, म्हणून रोख ११ लाखांनी घटली. उत्तर पहिल्या मिनिटालाच हातात आले. पुढचे सगळे काम या फरकांची उकल करण्याचे आहे, म्हणजे प्रत्येक फरकामागे काय घडले ते शोधायचे आणि त्याला योग्य जागी बसवायचे.

जागा तीनच आहेत. रोजच्या धंद्यातून आलेला-गेलेला पैसा कार्यचलनात जातो. यंत्र, जमीन, गुंतवणूक यांच्या खरेदी-विक्रीचा पैसा गुंतवणुकीत जातो. भांडवल, कर्ज, व्याज, लाभांश यांचा पैसा वित्तपुरवठ्यात जातो.

उकल करायला दोन ताळेबंद पुरत नाहीत. ताळेबंद म्हणजे वर्षाच्या दोन टोकांना काढलेली दोन छायाचित्रे. मधल्या बारा महिन्यांत काय झाले ते वह्यांमधून काढावे लागते. या कंपनीच्या वह्या पाच गोष्टी सांगतात. वर्षाचा घसारा १२ लाख आहे. पुस्तकी किंमत ४ लाख असलेली जुनी दळणयंत्रणा ६ लाखांना विकली. कर्जावर ५ लाख व्याज भरले. भागधारकांना ४ लाख लाभांश दिला. आणि चालू वर्षासाठी प्राप्तिकराची ७ लाखांची तरतूद केली.

पहिला टप्पा : नफा शोधणे. राखीव निधी ३८ वरून ५२ झाला, म्हणजे १४ लाखांनी वाढला. पण याच निधीतून ४ लाख लाभांश गेलेला आहे. तो गेल्यावरही १४ वाढले, तर करानंतरचा नफा १८ लाख असला पाहिजे. त्यात कराची ७ लाखांची तरतूद परत मिळवली की करपूर्व नफा २५ लाख येतो. पत्रकाची सुरुवात या २५ पासून करायची. कर वेगळ्या ओळीत, प्रत्यक्ष भरला तेवढाच दाखवायचा असतो, म्हणून त्याची तरतूद आधी बाजूला काढली.

दुसरा टप्पा : नफ्यातले बिनरोखीचे आणि परक्या जागचे आकडे काढणे. घसारा हा यातला सर्वांत गैरसमजाचा आकडा. पत्रकात तो नफ्यात मिळवलेला दिसतो, म्हणून घसाऱ्यातून पैसा येतो असे अनेकांना वाटते. कारखान्यात काय घडले ते पाहिले की हा समज दूर होतो. यंत्र घेतले तेव्हाच त्याचे पैसे गेले. यंदा झिजेपोटी १२ लाखांचा खर्च वहीत लिहिला, नफा तेवढा कमी दाखवला, पण त्या नोंदीमुळे तिजोरीतून रुपयाही बाहेर गेला नाही. वजा करण्याची गरज नसताना वजा झालेले १२ लाख परत मिळवायचे, इतकाच त्याचा अर्थ. घसारा दुप्पट लिहिला तरी करपूर्व नफा तेवढाच घटेल आणि दोन्ही एकमेकांना काटतील. रोख आहे तिथेच राहील.

व्याजाचे ५ लाख खरेच गेले आहेत, पण त्यांची जागा वित्तपुरवठ्यात आहे. म्हणून इथे मिळवायचे आणि तिथे वजा करायचे. जुनी यंत्रणा विकून ४ च्या जागी ६ लाख आले, त्यामुळे २ लाखांचा नफा करपूर्व नफ्यात बसलेला आहे. यंत्रविक्रीचे पूर्ण ६ लाख आपण गुंतवणुकीत दाखवणार आहोत, तेव्हा हे २ लाख इथून वजा केले नाहीत तर ते दोनदा मोजले जातील. हिशेब असा होतो : २५ अधिक १२ अधिक ५ वजा २, म्हणजे ४० लाख.

तिसरा टप्पा : खेळते भांडवल. मालकाच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. साठा ३० वरून ४८ लाखांवर गेला. हळदीची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि बाजारात आवक वाढते, म्हणून पावडर करणारा कारखानदार वर्षभराचा माल याच दिवसांत भरून ठेवतो. ३१ मार्चला गोदाम भरलेले आणि खाते रिकामे, हे या धंद्यात नवल नाही. तरीही गेल्या मार्चपेक्षा १८ लाखांचा माल जास्त आहे आणि तेवढा पैसा पोत्यांत आहे. ग्राहकांकडचे येणेही १८ लाखांनी वाढले. विक्री झाली त्याच दिवशी ती नफ्यात धरली गेली, पण त्यातले एवढे पैसे अजून यायचे आहेत. दोन्ही वजा.

देण्यांचे उलटे. पुरवठादारांचे देणे ८ लाखांनी वाढले. माल आला, खर्च लिहिला, पैसे अजून द्यायचे आहेत, म्हणून हे ८ मिळवायचे. मजुरी आणि वीजबिलाची थकलेली देणी १ लाखाने वाढली, तेही मिळवायचे. १८ आणि १८ वजा, ८ आणि १ अधिक, निव्वळ २७ वजा. ४० मधून २७ गेले, उरले १३ लाख.

आता कर. तरतुदीचे खाते ६ वर उघडले, त्यात यंदाचे ७ पडले, शेवटी ७ राहिले. मधल्या काळात ६ लाख भरले गेले असणार. १३ वजा ६, म्हणजे कार्यचलनातून आलेली निव्वळ रोख ७ लाख. अठरा लाखांच्या नफ्यातला प्रत्यक्ष हातात आलेला भाग एवढाच.

चौथा टप्पा : गुंतवणूक. ताळेबंदात यंत्रे व इमारतीचा आकडा २४ लाखांनी वाढलेला दिसतो. नवशिक्या हिशेबनीस सरळ "यंत्र खरेदी २४" असे लिहितो आणि तिथेच फसतो. त्या २४ मध्ये तीन घटना मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या करायला कच्च्या कागदावर मालमत्तेचे खाते मांडावे. सुरुवातीला ८० होते. घसाऱ्याने १२ गेले, राहिले ६८. विकलेल्या यंत्रणेची पुस्तकी किंमत ४ गेली, राहिले ६४. वर्षाच्या शेवटी मात्र १०४ आहेत. म्हणजे मध्ये ४० लाखांची खरेदी झाली. विक्रीच्या बाजूला प्रत्यक्ष आलेले ६ लाख लिहायचे, पुस्तकी ४ नव्हे. ४० गेले, ६ आले, निव्वळ ३४ लाख बाहेर.

पाचवा टप्पा : वित्तपुरवठा. भागभांडवलातून १० लाख आले. कर्ज १५ लाखांनी वाढलेले दिसते, पण बँकेचा कर्जखात्याचा उतारा पाहिला तर नव्या यंत्रासाठी २५ लाख उचलले आणि जुन्या हप्त्यांचे १० लाख फेडले, असे निघते. लेखामानक ३ नुसार अशा कर्जाची उचल आणि फेड या दोन्ही रकमा स्वतंत्र दाखवायच्या असतात. वाचणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो. वर्षाला १० लाख फेडावे लागतात आणि धंद्यातून ७ च लाख येतात, ही गोष्ट १५ या एका आकड्यात दडून गेली असती. व्याज ५ आणि लाभांश ४ वजा केले की वित्तपुरवठ्यातून निव्वळ १६ लाख येतात.

| रोख प्रवाह पत्रक, २०२४-२५ | लाख रु. |
|---|---|
| करपूर्व नफा | २५ |
| घसारा | +१२ |
| व्याज | +५ |
| यंत्रविक्रीचा नफा | −२ |
| साठ्यात वाढ | −१८ |
| येण्यात वाढ | −१८ |
| पुरवठादारांच्या व खर्चाच्या देण्यांत वाढ | +९ |
| भरलेला प्राप्तिकर | −६ |
| कार्यचलनातून | ७ |
| यंत्र खरेदी | −४० |
| यंत्र विक्री | +६ |
| गुंतवणुकीतून | −३४ |
| नवे भांडवल | +१० |
| कर्जाची उचल | +२५ |
| कर्जाची फेड | −१० |
| व्याज | −५ |
| लाभांश | −४ |
| वित्तपुरवठ्यातून | १६ |
| रोखीतील निव्वळ घट | −११ |

सोळातून अकरा गेले, पाच उरले. ताळेबंदाशी मेळ बसला.

मेळ बसला नसता तर चूक शोधण्याची एक जुनी युक्ती आहे. जितक्याची तफावत असेल तिचे निम्मे करून तो आकडा कागदावर शोधायचा. समजा ३६ लाखांची तफावत आली. तिचे निम्मे १८ होतात. साठा किंवा येणे वजा करण्याऐवजी कोणीतरी मिळवलेले असणार. चिन्हाची चूक नेहमी दुप्पट दिसते. तफावत नेमकी १२ ची असेल, तर आधी मालमत्तेचे खाते पाहावे. घसारा नफ्यात मिळवला, पण खरेदी शोधताना विसरला, असे बहुधा निघते.

त्याहून अवघड आहेत त्या मेळ बसूनही राहणाऱ्या चुका. पुरवठादारांच्या ३२ लाखांच्या देण्यात नव्या यंत्राच्या उत्पादकाचे ५ लाख असतील तर? ते हळदीच्या व्यापाऱ्याचे देणे नव्हे. मग धंद्याच्या देण्यातली वाढ ८ नसून ३ आहे आणि यंत्रासाठी प्रत्यक्ष गेले ते ४० नसून ३५. कार्यचलनाचा आकडा ७ वरून २ वर येतो, गुंतवणुकीचा −३४ वरून −२९ होतो आणि बेरीज तीच −११ राहते. खालचा आकडा पाहून ही चूक कोणालाही कळणार नाही. देण्यांची नावनिहाय यादी उघडावीच लागते.

दुसरी अशीच चूक भांडवलात होते. संचालकाने आपल्या मालकीचे १० लाखांचे यंत्र कंपनीला दिले आणि मोबदल्यात शेअर घेतले, अशी वस्तुस्थिती असती, तर या व्यवहारात रोख हललेलीच नाही. मग भांडवलाचे १० पत्रकात यायचे नाहीत आणि खरेदीही ४० ऐवजी ३० च लिहायची. अशा व्यवहाराची माहिती टिपेत देतात. दोन्ही चुकीच्या ओळी राहू दिल्या तरी बेरीज बिनबोभाट जुळते, कारण एक बाजू दुसरीला झाकते. सगळे फरक कुठे ना कुठे वापरले गेले, एवढेच मेळ बसल्याने कळते. ते योग्य जागी बसले का, हे करारपत्रे आणि बँकेचे उतारे सांगतात.

आणखी एक घोटाळा शेवटच्या ओळीत होतो. 'रोख' या शब्दात गल्ल्यातली रक्कम आणि चालू खात्यातली शिल्लक येते. त्याशिवाय रोखीसमान मानल्या जाणाऱ्या ठेवी येतात, आणि त्यांची मुदत घेतल्या दिवसापासून साधारण तीन महिने किंवा त्याहून कमी असावी लागते. वर्षभराची मुदत ठेव बँकेतच असली तरी रोखीत मोडत नाही. ती गुंतवणुकीत जाते.

जागा का महत्त्वाची, याचे एक जुने उदाहरण अमेरिकेत आहे. डब्ल्यू. टी. ग्रँट ही हजारांहून अधिक दुकाने असलेली किरकोळ विक्रीची साखळी ऑक्टोबर १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तोवरच्या बहुतेक वर्षांत तिचे हिशेब नफा दाखवत होते आणि गुंतवणूकदार तिच्या शेअरला चांगला भाव देत होते. १९८० मध्ये जेम्स लार्गे आणि क्लाइड स्टिकनी या दोन अभ्यासकांनी तिचे जुने हिशेब पुन्हा मांडले. कंपनी बुडण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून तिच्या धंद्यातून पुरेशी रोख येत नव्हती, हे त्यातून दिसले. ग्राहकांना दिलेल्या उधारीत आणि दुकानांतल्या मालात पैसा अडकत गेला आणि दुकाने कर्जावर चालत राहिली. आपल्या हळदीच्या कारखान्यातल्या दोन १८ लाखांच्या ओळींचे हे मोठे रूप आहे.

म्हणून मालकाला उत्तर देताना या पत्रकाचा आधार घेऊन तीन गोष्टी सांगता येतात. छत्तीस लाख पोत्यांत आणि ग्राहकांकडे अडकले, त्यातले नऊ पुरवठादार आणि कामगारांच्या थकबाकीने सांभाळले. चाळीस लाखांचे यंत्र आले, त्यासाठी पस्तीस लाख कर्ज आणि भांडवलातून उभे राहिले, उरलेले आतून गेले. पुढच्या वर्षी हप्ता भरायचा असेल तर आधी येण्याची यादी काढून नव्वद दिवसांपेक्षा जुनी नावे पाहावी लागतील. साठा मेपासून पावडर होऊन बाहेर पडेल, पण जुनी उधारी आपोआप वसूल होणार नाही.

पत्रकाची एक मर्यादा मात्र उरते. ते ज्या शिलकेवर येऊन थांबते तीच खोटी असेल, तर वरचा एकही टप्पा तिला पकडू शकत नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केले, की ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदातल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. खोट्या शिलकेला जोडून नफाही फुगवला, की दोन्ही टोके एकमेकांना बरोबर जुळतात.

त्यामुळे हळदीच्या कारखान्यात शेवटचे काम कागदावर होत नाही. पाच लाखांपैकी चार लाख साठ हजार बँकेत आहेत, असे बँकेने स्वतः लेखापरीक्षकाला लेखी कळवायचे असते. उरलेले चाळीस हजार ३१ मार्चच्या संध्याकाळी गल्ला उघडून नोटा मोजून पाहिलेले असतात, आणि त्या मोजणीच्या कागदावर रोखपालाची सही असते.